तीस क्यूब, अडीचशे शब्द

आमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मे महिन्यात संपला. बहात्तर पानांचा अहवाल, काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, चार प्रती. तोंडी परीक्षा झाली, मार्क मिळाले आणि आम्ही चौघं चार दिशांना गेलो. जुलैच्या मध्यावर आमच्या गाइड मॅडमचा फोन आला. एका परिषदेत तुमचं काम मांडता येईल, ३१ तारखेपर्यंत ॲब्स्ट्रॅक्ट पाठवायचं आहे, मर्यादा २५० शब्दांची. मी म्हटलं, "हो मॅडम, दोन दिवसांत देते." अहवालाच्या सुरुवातीला ॲब्स्ट्रॅक्टचं एक पान होतंच. तेच थोडं कापून पाठवायचं, असं माझ्या डोक्यात होतं.

त्याला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आमच्या प्रकल्पाचा निष्कर्षच बदलला, आणि एकही नवी चाचणी न करता बदलला. ते कसं झालं तेच इथे लिहिते आहे.

आधी प्रकल्पाबद्दल. साखर कारखान्यात रस काढून झाल्यावर उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळतात आणि शेवटी काळपट राख उरते. या राखेत सिलिका भरपूर असते, त्यामुळे ती बारीक करून सिमेंटच्या काही भागाऐवजी काँक्रीटमध्ये घालता येते. कृष्णाकाठच्या एका कारखान्यातून आम्ही पोत्यांनी राख आणली, ९० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली आणि भट्टीत ६०० अंशांवर दोन तास तापवली. जळायचा राहिलेला कोळसा जाळून टाकण्यासाठी ते करावं लागतं. मग एम-२५, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी २५ मेगापास्कल ताकद अपेक्षित असलेल्या काँक्रीटचं मिक्स डिझाइन केलं: घनमीटरला ४०० किलो सिमेंट, १९२ किलो पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४८. सिमेंटच्या वजनाच्या ०, ५, १०, १५ आणि २० टक्के राख घातली. पाच मिक्स, प्रत्येकाचे सात दिवसांनी फोडायला तीन आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडायला तीन क्यूब, म्हणजे काँक्रीटचे घनाकृती ठोकळे. एकूण तीस.

पहिला मसुदा मी एका संध्याकाळीच लिहिला. शब्द मोजले तर ६१२. (ॲब्स्ट्रॅक्ट अर्थातच इंग्रजीत लिहायचं होतं, पुढचे शब्दांचे आकडेही इंग्रजी मजकुराचेच आहेत. मजकुराचा आशय मात्र मी मराठीत देते.) त्यातले पहिले ९४ शब्द सिमेंट उद्योगातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, बांधकामाची मागणी कशी वाढते आहे आणि शाश्वत विकासाची गरज किती आहे यावर गेले होते. पुढचे दीडशे शब्द प्रयोगाच्या पायऱ्यांवर. ओलं काँक्रीट किती सैल आहे ते मोजणारी स्लम्प चाचणी केली, क्यूब ओतले, २४ तासांनी साचे काढले, पाण्याच्या टाकीत क्युरिंग केलं, सीटीएम या दाबयंत्रावर फोडले. निकाल शेवटून दुसऱ्या वाक्यात आला होता: "१० टक्के राखेला ताकद सर्वाधिक मिळाली आणि ती साध्या काँक्रीटपेक्षा ४.१ टक्क्यांनी वाढली." अहवालाच्या निष्कर्षातही हेच वाक्य होतं, तोंडी परीक्षेतही मी हेच ठासून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कापायला बसले. प्रत्येक वाक्यातले दोन-चार शब्द काढत गेले. 'ॲन अटेम्प्ट हॅज बीन मेड टू स्टडी' हे सात शब्द काहीच सांगत नाहीत, ते गेले. 'इट वॉज ऑब्झर्व्हड दॅट' चार ठिकाणी होतं, म्हणजे सोळा शब्द तिथेच वाचले. असं करत ३४० पर्यंत आले आणि अडकले. आता कुठलाही शब्द काढला तरी वाक्य लंगडं होत होतं. आणि वाचताना जाणवत होतं की हा अजूनही अहवालच आहे, फक्त आक्रसलेला. सगळ्या प्रकरणांचा थोडाथोडा अंश त्यात होता, पण एकाही गोष्टीला पुरेशी जागा नव्हती.

तो मसुदा घेऊन मी कॉलेजात गेले. मॅडमनी वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "हे सगळं विसर. परिषदेत चहाच्या वेळी कुणी विचारलं, तुम्हाला काय सापडलं, तर एका वाक्यात काय सांगशील?"

मी म्हटलं, "१० टक्के राख घातली तर ताकद वाढते."

"किती?"

"४.१ टक्के."

"क्यूब किती होते?"

"तीन."

"तीनही क्यूबचे वेगवेगळे आकडे आण. सरासरी नको."

अहवालात फक्त सरासरी होती. प्रत्येक क्यूबचा आकडा प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये होता. प्रयोगशाळेतल्या मामांनी कपाटातून ते रजिस्टर काढून दिलं. पानांच्या कडा सिमेंटने कडक झालेल्या, मधे कुठे पाण्याचे डाग. आमच्याच हस्ताक्षरात अठ्ठावीस दिवसांच्या नोंदी होत्या. साध्या काँक्रीटचे तीन क्यूब ७२९, ७८५ आणि ७९४ किलोन्यूटनला फुटले होते. क्यूबचा पृष्ठभाग १५० गुणिले १५० मिलिमीटर, म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. त्याने भागलं की ३२.४, ३४.९ आणि ३५.३ मेगापास्कल येतात, सरासरी ३४.२. दहा टक्के राखेचे क्यूब ७५८, ८०६ आणि ८३९ ला फुटले होते. म्हणजे ३३.७, ३५.८ आणि ३७.३, सरासरी ३५.६.

मॅडमनी हे सहा आकडे कागदावर एका आडव्या रेषेवर मांडले, साध्याचे गोल आणि राखेचे फुल्या. बघता क्षणीच कळलं. फुल्या आणि गोल एकमेकांत मिसळले होते. राखेचा सर्वात कमी क्यूब, ३३.७ चा, साध्या काँक्रीटच्या दोन क्यूबपेक्षा कमजोर होता. दोन सरासरींमधला फरक १.४, आणि एकाच मिक्सच्या तीन क्यूबमधला फरक त्याहून कितीतरी जास्त, साध्यात २.९ आणि राखेत ३.६. एकाच घमेल्यातलं काँक्रीट, एकच टाकी, एकच मशीन, तरी एवढा फरक पडतोच. मग त्यातून १.४ ची वाढ राखेमुळेच झाली असं कसं म्हणणार? दोन सरासरींमधला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायला घरी येऊन मी टी-चाचणी करून पाहिली. किंमत १.०१ आली. तीन-तीन नमुन्यांना वाढ खरी मानायची तर ती २.७८ च्या आसपास हवी.

मला वाईट वाटलं, हे मोकळेपणाने सांगते. वर्षभर ज्या वाक्यावर आम्ही उभे होतो तेच वाक्य गेलं होतं. आमच्यातल्या एकाला फोन केला, तो पुण्यात साइटवर असतो. तो म्हणाला, "अगं, सगळे असंच लिहितात. वाढ झाली म्हटल्याशिवाय कोण घेणार आपलं ॲब्स्ट्रॅक्ट? आणि अहवालात लिहिलंयच की." त्याचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नव्हतं. वाढ दाखवणारा आकडा पहिल्या नजरेत भरतो. पण अडीचशे शब्दांत जर एकच गोष्ट ठसणार असेल आणि तीच टिकत नसेल, तर पहिल्याच प्रश्नाला आपण उघडे पडतो. बहात्तर पानांत असं वाक्य बाकीच्या मजकुरात लपून जातं. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये मात्र ते एकटंच उभं असतं.

मग काय सांगायचं? पहिला पर्याय असा होता की १० टक्क्यांपर्यंत ताकद कमी होत नाही, आणि १५ टक्क्यांना कमी होते. १५ टक्क्यांची सरासरी ३२.३ होती. हेच वाक्य घेऊन मी तिसरा मसुदा लिहायला घेतला आणि अर्ध्यात थांबले. १५ टक्क्यांचे तीन क्यूब होते ३०.४, ३२.१ आणि ३४.४. तेही साध्याच्या आकड्यांत मिसळलेलेच. १.४ ची वाढ खरी नाही म्हणायची आणि १.९ ची घट मात्र खरी धरायची, हे काही बरोबर नव्हतं. एकच माप दोन्हीकडे लावायला हवं. स्पष्ट घट फक्त २० टक्क्यांना होती: २६.१, २८.० आणि २९.३. यातला सर्वात मजबूत क्यूबसुद्धा साध्याच्या सर्वात कमजोर क्यूबपेक्षा ३.१ ने खाली. शिवाय एम-२५ साठी डिझाइन करताना आम्ही ३१.६ ची सरासरी गाठायचं ठरवलं होतं (२५ अधिक १.६५ गुणिले ४), आणि २७.८ ही सरासरी त्याच्या बरीच खाली राहिली होती.

म्हणजे ताकदीपुरतं बोलायचं तर मर्यादा १५ आणि २० च्या मधे कुठेतरी होती. मग आम्ही १० टक्के हे उत्तर कुठल्या आधारावर दिलं होतं? फक्त तिथे सरासरीचं टोक आलं म्हणून.

याचं उत्तर रजिस्टरच्या त्याच पानावर होतं, पेन्सिलीने लिहिलेलं. १५ टक्क्यांच्या ओळीसमोर आमच्यातल्याच कुणीतरी लिहून ठेवलं होतं: "घट्ट. ३५ ठोके पुरत नाहीत. एका क्यूबच्या बाजूला हनीकोंब." हनीकोंब म्हणजे काँक्रीट नीट न दबल्याने राहिलेली पोकळ, उघड्या खडीची जागा. ते वाचलं आणि तो सगळा दिवस डोळ्यांसमोर आला. १५० मिलिमीटरच्या क्यूबला सळईने थरागणिक किमान ३५ ठोके द्यायचे असतात. साधं काँक्रीट त्यात छान बसत होतं. १५ टक्क्यांचं मात्र साच्यात सरकतच नव्हतं, सळई वर काढली की भोक तसंच राहायचं. २० टक्क्यांना तर आम्ही थापीने दाबून दाबून भरलं होतं. साचा काढल्यावर कोपऱ्याला खडी उघडी दिसत होती, बोट फिरवलं तर खरबरीत लागायची. अहवालात या सगळ्याचं काय झालं होतं? स्लम्पचं एक छोटं कोष्टक पान ४१ वर, आणि खाली एक ओळ: राखेचं प्रमाण वाढेल तसा स्लम्प कमी होतो.

ते कोष्टक पुन्हा काढलं. स्लम्प ८०, ७५, ६५, ४० आणि २० मिलिमीटर. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, स्लॅब, बीम, कॉलमच्या दाट सळयांच्या कामासाठी मध्यम सुकार्यता धरली आहे, स्लम्प ५० ते १००. सुकार्यता म्हणजे काँक्रीट किती सहज भरता आणि दाबता येतं ते. आमचं काँक्रीट १० टक्क्यांना ६५ वर, म्हणजे त्या पट्ट्यात होतं. १५ ला ४०, पट्ट्याबाहेर. ताकद अजून टिकून असताना काँक्रीट कामाचं राहिलं नव्हतं. १० टक्के हे आमचं उत्तर बरोबरच होतं, कारण मात्र चुकीचं दिलं होतं. मर्यादा ताकदीने घातलीच नव्हती, स्लम्पने घातली होती.

हे असं का होतं तेही अहवालात विखुरलेलं होतं. राखेचे कण सच्छिद्र आणि खडबडीत असतात, ते पाणी पितात. उरलेला कोळसाही पाणी पितो. आणि आम्ही अदलाबदल वजनाने केली होती. १५ टक्क्यांच्या मिक्समध्ये काढलेलं ६० किलो सिमेंट साधारण १९ लिटर जागा घेतं. आमच्या राखेचं विशिष्ट गुरुत्व २.१ होतं, त्यामुळे तेवढीच राख साडेअठ्ठावीस लिटर जागा घेते. पाणी तेवढंच, पण ओली करायची भुकटी कितीतरी जास्त. पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन, म्हणजे सुपरप्लास्टिसायझर, आम्ही वापरलं नव्हतं, बजेटमध्ये बसलं नाही. म्हणून हा निष्कर्ष आमच्या अटींपुरताच: पाणी कायम, रसायन नाही. ही अट ॲब्स्ट्रॅक्टमध्ये यायलाच हवी होती, नाहीतर वाचणारा म्हणेल, रसायन घाला की, प्रश्न मिटला.

आणखी एक गोष्ट मॅडमनी दाखवून दिली. १५ आणि २० टक्क्यांचे क्यूब नीट दबलेच नसतील, तर त्यांची कमी ताकद राखेमुळे की आत राहिलेल्या हवेमुळे, हे आमच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. काँक्रीटमध्ये १ टक्का पोकळी राहिली तरी ताकद साधारण ५ टक्क्यांनी घटते. म्हणजे १५ टक्क्यांना दिसणारी घट नुसत्या पोकळीतूनही येऊ शकते. "हे लिहायचं का?" मी विचारलं. "लिहायचंच," मॅडम म्हणाल्या, "दहा शब्दांत."

आता सांगायचं वाक्य हातात होतं. पाणी कायम ठेवून आणि रसायन न घालता बगॅसची राख वाढवत नेली, तर ताकदीच्या आधी सुकार्यता संपते आणि वापराची मर्यादा १० टक्क्यांवर येते. चौथा मसुदा मी या वाक्यापासून लिहिला आणि त्याच्या वर-खाली फक्त ते उभं राहायला जे लागतं तेवढंच ठेवलं. वहीत शब्द वाटून घेतले: पार्श्वभूमी ३५, काय अजून माहीत नाही ते २५, काय केलं ६५, काय मिळालं ८५, अट आणि अर्थ ४०. हे वाटप करताच पुष्कळ गोष्टी आपोआप गळल्या. कार्बन डायऑक्साइडचे ९४ शब्द गेले, कारण काँक्रीटच्या परिषदेत बसलेल्या माणसाला ते सांगायची गरज नसते. साचे २४ तासांनी काढले हेही गेलं, ते सगळेच करतात. सात दिवसांचे पंधरा क्यूब पूर्ण गेले. ते काढताना जीवावर आलं, कारण आम्ही शिवजयंतीच्या सुट्टीच्या दिवशी येऊन ते फोडले होते. पण आमच्या वाक्याला त्यांची गरज नव्हती. उलट राख ६०० अंशांवर दोन तास तापवली, हे राहिलं. न तापवलेल्या राखेने कुणी हाच प्रयोग केला तर त्याला वेगळं उत्तर मिळेल, म्हणून.

'काय अजून माहीत नाही' ते लिहिताना एक चूक होता होता राहिली. मी लिहिलं होतं की आजवरच्या सगळ्या अभ्यासांत राखेची मर्यादा फक्त ताकदीवरून ठरवली आहे. मॅडमनी 'सगळ्या'भोवती गोल केला. "सगळे वाचलेस?" आम्ही चौदा पेपर वाचले होते. त्यांतल्या दोघांनी स्लम्पचाही विचार केला होता. मग 'सगळ्या'चं 'अनेकदा' झालं.

शब्दांची खरी काटकसर शेवटच्या वीस शब्दांत करावी लागली. तिथे टंकलेखनाच्या बारीक गोष्टीही मोजल्या जातात. `15 %` असं मधे जागा सोडून लिहिलं की मोजणी दोन शब्द धरते, `15%` ला एक. आमच्याकडे टक्केवारी नऊ ठिकाणी होती. `28 day` हे दोन, `28-day` एक. पाच मिक्सची ताकद पाच वाक्यांत लिहिण्याऐवजी एका वाक्यात ओळीने पाच आकडे दिले, त्यातच तीस-बत्तीस शब्द सुटले. एकक एकदाच, शेवटी. पोर्टलच्या चौकटीत मजकूर चिकटवला तेव्हा `N/mm²` मधला वरचा २ खाली येऊन `N/mm2` झाला. म्हणून सगळीकडे `MPa` केलं. दोन्ही एकच आहेत आणि त्यात मोडण्यासारखं काही नाही. परीक्षकांना लेखक कोण ते कळू द्यायचं नव्हतं, त्यामुळे कॉलेजचं आणि तालुक्याचं नाव काढलं. 'आमच्या प्रयोगशाळेत' हेही.

शीर्षक सर्वात शेवटी बदललं. अहवालाचं शीर्षक होतं: बगॅसच्या राखेचा काँक्रीटच्या गुणधर्मांवर होणारा परिणाम. त्यातून कळत काहीच नाही. नवं शीर्षक: स्थिर पाण्याच्या एम-२५ काँक्रीटमध्ये बगॅसच्या राखेची मर्यादा ताकदीआधी सुकार्यता ठरवते. लांब आहे, पण ज्याला पुढे वाचायला वेळ नाही त्याच्यापर्यंतही उत्तर पोचतं.

शेवटी पाठवलेला मजकूर २४८ शब्दांचा झाला. त्याचा आशय असा:

"चिपाडाची राख सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरता येते, हे ज्ञात आहे. मात्र तिच्या प्रमाणाची मर्यादा अनेकदा केवळ दाब-ताकदीवरून ठरवली जाते. पाण्याचं प्रमाण स्थिर ठेवल्यास आधी ताकद घटते की सुकार्यता, हे या अभ्यासात तपासलं. कारखान्यातील राख ९० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून ६०० अंश सेल्सिअसला दोन तास तापवली आणि एम-२५ काँक्रीटमध्ये (पाणी-बंधक गुणोत्तर ०.४८, रसायन नाही) सिमेंटच्या ०, ५, १०, १५ आणि २० टक्के वजनाऐवजी घातली. प्रत्येक मिक्सचा स्लम्प आणि तीन क्यूबची २८ दिवसांची ताकद मोजली. स्लम्प अनुक्रमे ८०, ७५, ६५, ४० आणि २० मिलिमीटर, तर सरासरी ताकद ३४.२, ३५.१, ३५.६, ३२.३ आणि २७.८ मेगापास्कल मिळाली. १५ टक्क्यांपर्यंतचा ताकदीतील फरक क्यूबमधील नैसर्गिक फरकाहून वेगळा काढता आला नाही. २० टक्क्यांना ताकद ३१.६ मेगापास्कलच्या उद्दिष्टाखाली गेली. स्लम्प मात्र १५ टक्क्यांनाच ५० मिलिमीटरखाली उतरला. त्यामुळे या अटींत वापराची मर्यादा १० टक्के ठरते आणि ती सुकार्यतेमुळे येते. १५ व २० टक्क्यांच्या ताकदीवर अपुऱ्या दाबाईचा परिणाम असू शकतो. तो वेगळा काढलेला नाही."

पाठवण्याआधी हा मजकूर चौघांना व्हॉट्सॲपवर टाकला. लेखक म्हणून चौघांचीही नावं जाणार, तर चौघांनीही होकार दिलाच पाहिजे. पुण्याच्या मित्राचा रात्री उशिरा फोन आला. त्याने दोनदा वाचला होता. म्हणाला, "साइटवर रोज हेच बघतो. क्यूबचा रिपोर्ट पास असतो आणि कॉलमच्या तळाला खडी दिसते." मग त्यानेच सुचवलं की शेवटच्या वाक्यात 'अपुरी घनता'ऐवजी 'अपुरी दाबाई' लिही, घनता राखेच्या हलकेपणानेही कमी होते. ते बरोबर होतं, मी बदललं.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं: स्वीकारलं, किरकोळ दुरुस्तीसह. दोन परीक्षक होते. एकाने लिहिलं होतं की क्यूब कमी आहेत, पण लेखकांनी ते स्वतःच मान्य केलं आहे. दुसऱ्याने एकच प्रश्न विचारला: तापवल्यानंतर राखेत न जळलेला अंश किती उरला? हे आमच्याकडे होतं. तापवण्याआधी १३.८ टक्के, नंतर ४.६. फ्लाय ॲश, म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाची राख, तिच्यासाठीच्या आयएस ३८१२ मध्ये मर्यादा ५ टक्क्यांची आहे. आमची राख फ्लाय ॲश नसली तरी तुलनेला तो आकडा उपयोगाचा. शब्द वाचवताना मी तोच काढून टाकला होता, आणि ती माझी चूक होती. राख तापवली म्हणजे प्रक्रिया सांगितली. ती कशी राख झाली हे त्यातून कळत नाही, आणि पाणी किती पिणार ते तर याच आकड्यावर अवलंबून आहे. तो आकडा बसवायला सहा शब्द लागणार होते, आणि शिल्लक फक्त दोन. 'चिपाडाची राख वापरता येते हे ज्ञात आहे' या पहिल्या वाक्यातून चार काढले.

पूर्ण पेपर सहा पानांचा द्यायचा आहे. त्यात तीसही क्यूबचे आकडे एकेक करून येतील, सात दिवसांचे पंधरा धरून, आणि पेन्सिलीने लिहिलेली ती ओळसुद्धा. मॅडमनी सुपरप्लास्टिसायझरचा एक डबा मागवला आहे. १५ टक्के राखेचंच मिक्स, पण स्लम्प ६५ वर आणून, असे सहा क्यूब ओतायचे आहेत, म्हणजे ती घट राखेची की हवेची ते कळेल. कारखान्यातून आणलेल्या राखेचं अर्धं पोतं अजून प्रयोगशाळेत शिल्लक आहे. मामांनी त्याचं तोंड बांधून ते ओलीपासून दूर, माळ्यावर ठेवलं आहे. येत्या शनिवारी आम्ही तिघं जातो आहोत. पुण्याचा मित्र रविवारी पोचेल, साचे काढायला.